दोन बोके

आमचं शिवार मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या रानाचं. रब्बीची मालदांडी ज्वारी हे मुख्य पीक. माघ-फाल्गुनात काढणी आणि मळणी उरकली, की वर्षाचं खायचं धान्य घरात येतं. त्याच्या मागोमाग उंदीरही येतात. कणग्या गेल्या, पोती आली, पत्र्याच्या कोठ्या आल्या, पण उंदीर काही हटला नाही. म्हणून वस्तीवर मांजर असतंच. कुत्रं आणावं लागतं, बैल विकत घ्यावा लागतो, मांजर मात्र आपसूक येतं आणि कडब्याच्या गंजीत व्यायला लागतं.

तीन वर्षांमागं आषाढी वारीच्या दिवसांत आमच्या भाटीला तीन पिल्लं झाली. एक सूनबाईच्या माहेरी गेलं. दोन राहिली आणि दोन्ही बोके निघाले. एक पांढरा, कपाळावर काळा ठिपका असलेला, तो चांद्या. दुसरा राखी रंगाचा, तो करड्या. नावं नातवानं ठेवली. या दोघांच्या भांडणापायी आमच्या घरात वर्षभर वाद चालला. दिवाळीत घरातले म्हणत होते, यांना वेगळं करा, नाहीतर एक दुसऱ्याला मारील. शिमग्यात तेच लोक म्हणायला लागले, असू द्या, पोरखेळ आहे. दोन्ही वेळेला मला उलटं वाटत होतं. तसं का वाटत होतं, ते सांगतो, कारण हा प्रश्न बऱ्याच घरात असतो आणि त्याचा निकाल बहुतेक जण आवाजावरनं लावतात.

पिल्लू महिन्याचं झालं, की भावंडांशी झोंबायला लागतं. दोन-तीन महिन्यांचं असताना हा दंगा सगळ्यात जास्त असतो. आमच्याकडं गणपतीपासनं दिवाळीपर्यंत नुसता धुमाकूळ होता. एक पोत्याच्या थप्पीवर दबा धरून बसायचा, दुसरा खालनं गेला की त्याच्या पाठीवर उडी. मग दोघांचा एक गोळा व्हायचा आणि तो गोळा ओसरीवरनं अंगणात गडगडत जायचा. मानगुटीला दात, पोटावर मागच्या पायांच्या लाथा. बघणाऱ्याला वाटावं, आता आतडी बाहेर येतील.

मंडळी म्हणाली, "आवं, गळा धरलाय की त्यानं! सोडवा की."

मी भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो होतो. म्हटलं, "गळा धरलाय, पण ओरडतंय का कुणी?"

खरंच, एवढ्या झोंबाझोंबीत आवाज नव्हता. खेळणारी मांजरं बहुतेक मुक्यानंच खेळतात. मधनं एखादं चिरकतं, एखादी फिस्स होते, तेवढंच. एक फिस्स म्हणजे भांडण नव्हे. 'जरा जोरात लागलं, हळू' एवढाच त्याचा अर्थ. त्या फिस्सनंतर दुसरा काय करतो, ते बघायचं असतं. चांद्याला फिस्स ऐकू आली की तो सोडायचा, दोन पावलं मागं सरायचा, उगाच आपलं अंग चाटत बसायचा. घटकाभरानं पुन्हा सुरू.

मी तरुणपणी तालमीत जात होतो. तालमीतली लढत आणि जत्रेतल्या फडातली कुस्ती यात फरक असतो. तालमीत मोठा पैलवान पोराला वर येऊ देतो, डाव लागू देतो, पाठ टेकवून घेतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरगं त्याच्याबरोबर उतरणारच नाही. पिल्लांचंही तसंच. म्हणून मी शेंगा तोडता तोडता मोजायला लागलो. वर कोण, खाली कोण. दहा वेळेला गोळा झाला, तर सहा वेळेला चांद्या वर होता, चार वेळेला करड्या. पाठलागातही तेच. एकदा हा पुढं आणि तो मागं, थोड्या वेळानं तो पुढं आणि हा मागं. पाळी बदलत होती. आणि खालचा जो असायचा, तो पोट वर करून, पाय हवेत धरून आपणहूनच पडायचा. पोट ही मांजराची नाजूक जागा. पण पोट वर केलं म्हणजे खेळच, असंही धरू नये. भ्यालेलं मांजरही शेवटी पाठीवर पडतं, चारी पायांच्या नख्या वापरता याव्यात म्हणून. त्या वेळी त्याचे कान डोक्याला चिकटलेले असतात आणि ते किंचाळत असतं. खेळणाऱ्याचे कान पुढं किंवा थोडे बाजूला असतात, तोंड अर्धं उघडं असतं आणि नख्या आत ओढलेल्या असतात.

तरीही मंडळीचा जीव राहिना. तेव्हा मी एक परीक्षा केली. दोघं ऐन रंगात असताना वरच्याला, म्हणजे चांद्याला, मागनं अलगद उचललं आणि मांडीवर धरून ठेवलं. नातवाला म्हटलं, "आता करड्याकडं बघ. तो मार खात असला, तर पळून जाईल. खेळत असला, तर परत येईल."

करड्या उठला, अंग झाडलं, इकडं-तिकडं बघितलं आणि शेपटी उभी करून माझ्या मांडीशी आला. वर पाय टेकून चांद्याच्या लोंबत्या शेपटीला त्यानंच पंजा मारला.

"आबा, हाच बोलावतोय की त्याला!" नातू हसायला लागला.

ही परीक्षा सोपी आहे आणि कुणालाही करता येते. मात्र ती खेळाच्या वयात आणि ओरडा नसतानाच करावी. गुरगुराट चालू असला तर उचलायला जाऊ नये, त्याचं कारण पुढं येईल. जो खाली आहे, ज्याला आपण बिचारा म्हणतो, त्याला सुटका मिळाल्यावर तो काय करतो, यावर सगळं ठरतं. दंगा झाल्यावर ती दोघं एकाच घोंगडीवर एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपत होती, एका ताटलीत खात होती. अशांना वेगळं करायचं काही कारण नव्हतं. उलट पिल्लाला किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, ते या झोंबाझोंबीतच कळतं. एकट्यानं वाढलेलं पिल्लू माणसाच्या हाताला जोरात चावतं, कारण त्याला अडवणारं भावंडच नसतं.

संक्रांतीपर्यंत दोघं सहा महिन्यांचे झाले. मान जाड झाली, गाल भरायला लागले. खेळ कमी झाला आणि त्याची तऱ्हा बदलली. आधी झोंबी जास्त होती आणि पळापळ कमी. आता पळापळ जास्त आणि झोंबी कमी झाली. आधी मधनं मधनं थांबत होते, आता थांबणं कमी झालं. वर-खालीचा हिशोब बघितला, तर दहातले आठ चांद्याचे. करड्या फिस्स करायचा आणि चांद्या लगेच सोडायचा नाही, आणखी एक पंजा मारूनच सोडायचा.

माझी एक पुतणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. संक्रांतीला आली होती. तिला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, याच्यावर अभ्यास झालाय." 2023 साली परदेशातल्या अभ्यासकांनी मांजरांच्या जोड्यांच्या शंभरावर चित्रफिती बघून त्यांचे तीन गट पाडले. एक खेळाचा, एक खऱ्या भांडणाचा आणि एक मधला. खेळाच्या गटात झोंबी होती आणि आवाज नव्हता. भांडणाच्या गटात आवाज आणि पाठलाग होता. मधल्या गटात दोन्हीचं थोडं थोडं होतं. मला हा मधला गट पटला. आपण एकतर खेळ म्हणतो, नाहीतर भांडण. पण मधे एक मोठा बांध आहे आणि बऱ्याच जोड्या त्या बांधावर उभ्या असतात.

मधल्या गटातल्यांना कोंडायची गरज नसते, पण त्यांच्याकडं डोळेझाक करूनही चालत नाही. मी तीन गोष्टी केल्या. एक ताटली होती, तिथं दोन केल्या. एक ओसरीच्या या टोकाला, दुसरी गोठ्यात, म्हणजे खाताना एकाला दुसरा दिसू नये. पाण्याची वाटीही दोन जागी ठेवली. गोठ्याच्या आढ्याखाली एक फळी ठोकली आणि तिच्यावर पोतं टाकलं, म्हणजे करड्याला वर बसायला स्वतःची जागा झाली. आणि पळापळ ताणायला लागली की मी हाक मारायचो नाही, अंगावरही धावायचो नाही. चिंध्यांचा चेंडू सुतळीला बांधून बाजूनं ओढत न्यायचो. मांजर ते बघून हरखतं आणि भावाचा नाद सोडतं. महिनाभर एवढ्यावर भागलं.

फाल्गुनात गोष्ट पुढं गेली. शेजारच्या वस्तीवरची भाटी माजावर आली. रात्रभर तिचं ओरडणं ऐकू यायचं. आमचे बोके आठ महिन्यांचे, खच्ची न केलेले. दोन खोंड एका दावणीला असतात आणि शेजारी गाय माजावर येते, तेव्हा काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पण पहिली खूण भांडणाची नव्हतीच. ती इतकी शांत होती की घरातल्या कुणाच्या ध्यानात आली नाही. चांद्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायला लागला. नुसता बसायचा. करड्या आत यायला निघाला की चांद्या मान खाली घालून त्याच्याकडं टक लावायचा, पापणी न हलवता. करड्या तिथंच थांबायचा, नजर फिरवायचा आणि हळूहळू, जमिनीला पोट लावून, मागं फिरायचा. ना पंजा, ना फिस्स. सूनबाई म्हणाली, "बरं झालं बाई, आता भांडत नाहीत." मला मात्र तो उंबरा आवडला नाही. रस्ता अडवणं ही मारामारीच आहे, फक्त त्यात आवाज नसतो.

दोन दिवसांत करड्या माळवदावरनं खाली यायचा बंद झाला. गोठ्यातल्या ताटलीतली भाकरी वाळून मुंग्या लागल्या. ज्वारीच्या थप्पीला उग्र वास यायला लागला. चांद्या शेपटी उभी थरथरवत पोत्यांवर मुताची चिळकांडी मारत होता. ही हद्द आखणं असतं. आणि करड्या, जो एवढे दिवस राखेच्या ढिगात जाऊन माती सारायचा, तो माळवदावर धाब्याच्या कोपऱ्यात घाण करायला लागला, कारण खाली उतरायची त्याची छाती नव्हती. जेवण, पाणी, झोप आणि परसाकडं, या चारांतलं एक जरी एका मांजरामुळं दुसऱ्याचं बंद झालं, तरी तो खेळ राहिला नाही, असं मी धरतो.

तिसऱ्या रात्री उघड झालं. रात्री दोनच्या सुमाराला तान्ह्या पोरासारखं रडणं ऐकू आलं, लांबलचक, चढत जाणारं. मी बॅटरी घेऊन गेलो. अंगणात दोघं एकमेकांसमोर, हातभर अंतरावर, ताठ उभे. पाठीवरचे केस आणि शेपटी फुललेली. चांद्याचे कान बाजूला वळून मागं झुकलेले, करड्याचे डोक्याला पार चिकटलेले. हलत कुणीच नव्हतं. खेळात मांजर सारखं हलतं, खऱ्या भांडणाआधी ते दगडासारखं होतं. मग एकदम स्फोट व्हावा तसं झालं, किंचाळणं, केसांचे पुंजके उडाले आणि करड्या पळत सुटला. चांद्या त्याच्या मागं. पाळी बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

अशा वेळी हात मधे घालायचा नाही. मांजर त्या क्षणी माणूस ओळखत नाही. त्याचा दात सुईसारखा खोल जातो, वरनं भोक बारीक दिसतं आणि आत घाण राहते. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिसाळीची लस मांजराच्या चाव्यालाही घ्यावी लागते, फक्त कुत्र्याच्याच नाही. मी पत्र्याचं घमेलं दगडावर आपटलं. त्या आवाजानं चांद्या क्षणभर थबकला, तेवढ्यात धान्य वाळवायची ताडपत्री दोघांच्या मधे आडवी धरली. नजर तुटली की जोर तुटतो. करड्या बियाणाच्या खोलीत घुसला. मी दार ओढून घेतलं आणि त्या रात्री दोघांनाही हात लावला नाही. पेटलेलं मांजर शांत व्हायला कधी कधी दिवसही लागतो.

सकाळी थोरले बंधू आले. त्यांना वास आला होता आणि रात्रीचा आवाजही ऐकू गेला होता. म्हणाले, "त्यातला एक पोत्यात घाल आणि बाजाराच्या दिवशी लांब नेऊन सोड. दोन बोके एका वस्तीवर कधी राहिलेत का?"

आमच्याकडं ही जुनीच रीत आहे. नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालून गावाच्या शिवेबाहेर सोडतात आणि 'मांजर गेलं' म्हणतात. बोका मोठा झाला की घर सोडतो, हेही खरं आहे. पण बऱ्याचदा तो आपणहून जात नाही. त्याला भाऊ किंवा बाप हाकलतो, आणि माणसाला वाटतं, फिरस्ता झाला. लांब सोडलेला बोका परत घराकडं यायला बघतो आणि रस्त्यावर चिरडतो, नाहीतर कुत्र्यांच्या तावडीत सापडतो. मी अण्णांना म्हटलं, "मला महिनाभर द्या. मग बघू."

"महिन्यानं काय होणारे?"

"खच्ची करून आणतो दोघांना."

"मग उंदीर कोण धरणार?"

बैल खच्ची केला म्हणून औत ओढायचा थांबतो का? उलट तोच नीट ओढतो. बोक्याचंही उंदीर धरणं थांबत नाही. थांबतं ते भाटीमागं हिंडणं, हद्दीसाठी मारामारी आणि उग्र वासाची चिळकांडी. तेही सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं. आणि लगेच नाही, काही आठवडे जातात.

पण त्याआधी एक काम निघालं. तिसऱ्या दिवशी करड्या सुस्त पडला, खाईना, अंग तापलेलं. शेपटीच्या बुंध्याशी सुपारीएवढी सूज. आदल्या दिवशी मी बघितलं तेव्हा तिथं नुसता केसांचा ओलसर पुंजका होता. मांजराचा चावा असाच फसवतो. वरची कातडी एका दिवसात मिटते आणि आत पू होतो. आणि जागाही बोलते. समोरासमोर लढणाऱ्याला जखम तोंडावर आणि पुढच्या पायावर होते, पळणाऱ्याला ती मागं होते. शेपटीच्या बुंध्याशी चावा म्हणजे करड्या लढत नव्हता, जीव वाचवत होता.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळू फोडून धुतलं, सुया दिल्या. म्हणाले, "मामा, वेळेवर आणलंत. घरची ताप-दुखीची गोळी तर दिली नाही ना?" मी नाही म्हटलं. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनं मरू शकतं, हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे.

दहा दिवस करड्या बियाणाच्या खोलीत राहिला. घमेल्यात वाळू आणि राख, एका कोपऱ्यात पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात झोपायला पोतं. खाणं आणि घाणीची जागा जवळ ठेवली नाही, मांजराला ते चालत नाही. जखम भरल्यावर दोघांना सोलापूरला एकाच दिवशी नेऊन खच्ची करून आणलं, पण वेगवेगळ्या टोपल्यांत. एकाच दिवशी न्यायचं कारण आहे. दवाखान्यातनं आलेल्या मांजराला औषधाचा वास येतो. मांजर मांजराला डोळ्यानं कमी आणि वासानं जास्त ओळखतं. एकटंच जाऊन आलं, तर घरातलं त्याला परकं समजून अंगावर जातं, मग आधी कितीही गोडी असो. दोघांना एकच वास असला तर ती अडचण कमी होते. आल्यावरही मी दोघांना वेगळंच ठेवलं.

मग भेट घालून द्यायचं काम सुरू झालं. इथं घाई करून चालत नाही. 'सोडा एकदा, आपापसात मिटवतील' हा सल्ला मला चार जणांनी दिला. मांजरं आपापसात मिटवत नाहीत. एक जिंकतो, दुसरा भितो आणि प्रत्येक मारामारीनं ती भीती पक्की होते.

पहिल्यांदा दार बंद ठेवून दोघांची ताटली दाराच्या दोन बाजूंना ठेवली, दारापासनं सहा-सात फुटांवर. वास येतो, पण दिसत नाही. दोघं निवांत खातात, असं दोन दिवस दिसलं की ताटली हातभर पुढं. एका दिवशी चांद्यानं खाणं सोडून दाराच्या फटीशी गुरगुर केली. दुसऱ्या दिवशी त्याची ताटली पुन्हा मागं नेली. एवढाच नियम. खाणं चालू राहिलं तर पुढं, थांबलं तर मागं. याबरोबरच दोघांची झोपायची पोती अदलाबदल केली. पहिल्या दिवशी करड्या चांद्याच्या पोत्याला लांबनं हुंगून भिंतीला चिकटून बसला. चौथ्या दिवशी त्याच्यावर झोपला.

आठवड्यानं दाराच्या दोन बाजूंना ताटल्या टेकल्या. तेव्हा दार चार बोटं उघडून दगड लावला. मग दाराच्या चौकटीत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवली, म्हणजे दोघं एकमेकांना पूर्ण दिसत होते. इथं नातवाला कामाला लावलं. त्याला सांगितलं, "कान आणि डोळे बघ. कान पुढं आहेत, पापणी मिटते-उघडते, नजर इकडं-तिकडं फिरते, तर बरं आहे. टक लागली आणि अंग ताठलं, की मधे पुठ्ठा धर." पोरगं रोज संध्याकाळी पुठ्ठा घेऊन पहारा करायचं. पहिल्या तीन दिवसांत पुठ्ठा दोनदा लागला, नंतर लागला नाही.

विसाव्या दिवशी जाळी काढली. भेट पाच मिनिटांची, दोघांची पोटं भरलेली, मी मधे बसलेलो, हातात सुतळीचा चेंडू. करड्याच्या मागं पळून जायला मोकळी वाट ठेवली होती, कारण कोपऱ्यात अडकलेलं मांजर भितं आणि भ्यालेलं मांजर आधी मारतं. चांद्या दोन पावलं आला, हुंगला. करड्यानं फिस्स केली. आणि चांद्या थांबला, मान फिरवली, अंग चाटत बसला. दिवाळीत करायचा तसंच.

मंडळी दारातनं बघत होती. म्हणाली, "झालं का मग त्यांचं?"

म्हटलं, "बोलणं सुरू झालंय."

पाचाची दहा मिनिटं, दहाचा अर्धा तास, असं करत चैत्र संपेपर्यंत दार उघडं राहायला लागलं. रात्री मात्र आणखी पंधरा दिवस वेगळं ठेवलं, कारण रात्री बघायला कुणी नसतं.

आता दोघं तिसरं वर्ष संपवतील. पूर्वीसारखं गोळा होऊन लोळणं परत आलं नाही आणि ते यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मोठी मांजरं पिल्लांएवढी खेळत नाहीत, आणि काही जोड्यांची गोडी एकदा तुटली की जुळत नाही. काही ठिकाणी एकाला दुसरं घरच बघावं लागतं, पण ते घर बघून द्यावं, पोत्यात घालून नव्हे. आमच्या दोघांनी वाटणी करून घेतली आहे. चांद्या ओसरी आणि पोत्यांची थप्पी सांभाळतो, करड्या गोठा आणि कडब्याची गंज. वाटेत भेटले तर नाकाला नाक लावतात आणि आपापल्या दिशेनं जातात. ताटल्या अजून दोन जागीच आहेत, त्या एक करायची मला गरज वाटत नाही.

मागच्या आठवड्यात अण्णांच्या घरात दोन पिल्लं आली. परवा तिथनं धाकटी सून पळत आली, "मामंजी, चला लवकर, एकानं दुसऱ्याचा गळा धरलाय." मी तिला विचारलं, "सोडल्यावर दुसरा कुठं जातो?" ती म्हणाली, "कुठं जातोय, परत त्याच्याच अंगावर जातोय." म्हटलं, "मग जा तू, चहा ठेव. मी येतो सावकाश."